'मागच्यासारखाच करा' म्हणणाऱ्या काकूंचं कार्ड

*ताई, साताऱ्यात माझं छोटं पार्लर आहे, आम्ही तिघीजणी काम करतो. एक काकू दर पाच-सहा आठवड्यांनी कलरला येतात. मागच्या दिवाळीला त्यांचा रंग फार सुंदर आला होता. तेव्हापासून 'तसाच करा' हे एकच पालुपद. पण तो पुन्हा काही येत नाही. मुळं कधी लालसर दिसतात, टोकं तर आता जवळजवळ काळी झालीत. दिवाळीच्या पानावर डायरीत लिहिलंय, 'काकू – ५ नंबर गोल्डन, पाऊण तास'. आता प्रत्येक क्लायंटचं कार्ड करायचं ठरवलंय. त्यात नेमकं काय लिहू? आणि शनिवार-रविवारच्या गर्दीत लिहायचं तरी कधी?*
*– एक वाचक, सातारा*

तुमच्या त्या नोंदीत शेड आहे, वेळ आहे, पण काकूंचे केस कुठेच नाहीत. रंग ज्या केसांवर लावला ते केस त्या दिवशी कसे होते हे माहीत नसेल, तर फॉर्म्युला ग्रॅमपर्यंत अचूक लिहूनही पुढच्या वेळी उपयोग होत नाही. म्हणून कार्डाची सुरुवात मिश्रणापासून करू नका. सुरुवात केसांपासून करा, आणि तीही बाऊलमध्ये काहीही काढायच्या आधी.

दिवाळीला काकूंच्या डोक्यावर बहुधा सगळीकडे सारखेच केस होते. आता तसं नाही. त्यांच्या एकाच केसावर तीन प्रकार आहेत. टाळूजवळ सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर नवीन, रंग न लागलेला केस, त्याखाली दोन-चार वेळा रंग घेतलेला मधला भाग, आणि शेवटी कितीतरी वेळा रंग प्यायलेली टोकं. पाच आठवड्यांत केस साधारण तेवढाच वाढतो. तुम्ही दिवाळीचंच मिश्रण पुन्हा मुळापासून टोकापर्यंत ओढलंत, तर नवीन केसावर ते दिवाळीसारखं काम करेल, पण टोकांवर आधीच्या रंगावर आणखी रंग चढेल. काळी टोकं त्यातूनच आली. म्हणून कार्डावर फॉर्म्युल्यासाठी एकच ओळ ठेवू नका. मुळं, मधला भाग आणि टोकं अशा तीन ओळी आखा. एखाद्या वेळी टोकांना काहीच लावलं नाही, तर तिथे 'काही नाही' असं स्पष्ट लिहा. जागा कोरी राहिली की पुढच्या वेळी लावणारीला कळत नाही की लावलं नव्हतं, की लिहायचं राहिलं.

'आधीचे केस' या भागात दोन गोष्टी हव्यात. एक म्हणजे नैसर्गिक लेव्हल, केस मुळात किती गडद आहे त्याचा आकडा. शेडकार्ड कोरड्या केसांना लावून, खिडकीजवळ उभं राहून बघा, आणि नवीन वाढीवरच बघा. आपल्याकडे बहुतेक बायकांची लेव्हल दोन ते चारमध्ये येते. दुसरी गोष्ट पांढऱ्या केसांची, आणि ती जागेनुसार. 'पांढरे ५० टक्के' ही नोंद फसवी असते, कारण पुढे भांगाजवळ आणि कानशिलांवर सत्तर टक्के असतात आणि मागे मानेजवळ दहासुद्धा नसतात. भांग पाडून चार ठिकाणी बघा, समोर, कानशिलं, माथा, मान, आणि चार आकडे लिहा. डोळ्यांचा अंदाज चालतो, मात्र दर वेळी त्याच चार जागा बघा.

आता फॉर्म्युला. कंपनी आणि त्या कंपनीची कुठली रेंज, हे आधी लिहा. ५.० म्हणजे पाच लेव्हलचा नैसर्गिक टोन, एवढं बहुतेक ठिकाणी सारखं असतं. पण टिंबानंतरचा आकडा कंपनीगणिक बदलतो. एकीकडे .६ म्हणजे लाल, तर दुसरीकडे जांभळा. तुमच्या सप्लायरकडे एक ट्यूब संपली म्हणून त्याने दुसऱ्या कंपनीची तोच नंबर असलेली दिली, आणि कार्डावर नुसता नंबर असेल, तर बदल झाल्याचं पाहायला नंतर काहीच हाती राहत नाही.

शेडचं वजन ग्रॅममध्ये लिहायचं. 'अर्धी ट्यूब' म्हणजे किती, हे ट्यूब पन्नास ग्रॅमची की साठची यावर ठरतं, आणि दाबणाऱ्या हातावरही. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा पुरेसा आहे. बाऊल ठेवून शून्य करायचं, पहिली शेड, आकडा लिहायचा, दुसरी शेड, मग डेव्हलपर. डेव्हलपरही काट्यावरच. बाटलीतून अंदाजाने ओतला की मिश्रण पातळ होतं, रंगाचे कण तेवढ्या केसांवर कमी पडतात आणि पांढरा केस पूर्ण न झाकता काचेसारखा आरपार दिसतो. मग आपण शेडला दोष देतो.

डेव्हलपरचा व्हॉल्युम तुमच्या नोंदीत नाहीच, आणि काकूंच्या लालसर मुळांचं उत्तर मला तिथेच दिसतं. १० व्हॉल्युम म्हणजे तीन टक्के पेरॉक्साइड, २० म्हणजे सहा, ३० म्हणजे नऊ. पांढरे केस झाकायला साधारण २० वापरतात. ३० नैसर्गिक रंग जास्त उचलतो, म्हणजे फिकट करतो. तीन लेव्हलचा काळा-तपकिरी केस उचलला की आतला लाल रंग उघडा पडतो, कारण आपल्या गडद केसांच्या पोटात लालच दडलेला असतो. त्यात टाळूची ऊब मिळते, म्हणून मुळाजवळचा भाग बाकीच्या केसापेक्षा लवकर उचलला जातो. तुम्ही तिघी आहात. दिवाळीला एकीने २० घेतला असेल आणि नंतर कुणीतरी ३० ची बाटली उचलली असेल. मुद्दाम असं म्हणत नाही. दोन्ही बाटल्या पांढऱ्या असतात आणि आकडा हाताखाली झाकला जातो.

हा अंदाज पडताळून पाहता येतो. काकू पुढच्या वेळी येतील तेव्हा मानेजवळचे केस उचलून बघा. तिथे पांढरे जवळजवळ नसतात. तिथलीही मुळं लालसर असतील, तर नैसर्गिक केस जास्त उचलला गेला आहे, म्हणजे डेव्हलपर जोरदार होता. मानेजवळ ठीक आहे आणि लाली फक्त भांगाजवळच्या पांढऱ्या केसांवर तांबूस-सोनेरी चमकते आहे, तर डेव्हलपरला सोडा. तिथे गोल्डन शेड जास्त पडली आणि नैसर्गिक बेस कमी. पांढऱ्या केसात स्वतःचा रंग नसतो, त्यामुळे नुसती गोल्डन त्याला भडक करते. म्हणून पांढरे निम्म्याहून जास्त असतील तिथे मिश्रणात निम्मा तरी .० चा बेस ठेवतात. लाली एकच दिसते, पण कारणं दोन आहेत आणि उपाय वेगवेगळे. कार्डावर व्हॉल्युम आणि बेसचे ग्रॅम असतील, तर मानेजवळचे केस न उचलताच उत्तर मिळेल.

जाता जाता एक, डेव्हलपरची बाटली उघडली की तिच्यावर मार्करने तारीख टाका. झाकण सैल राहिलं की पेरॉक्साइडचा जोर कमी होत जातो. मग कार्डावर २० लिहिलेलं असतं आणि बाटलीत २० उरलेलं नसतं.

वेळेबद्दल तुमचा 'पाऊण तास' मला सगळ्यात जास्त खटकला. कधीपासूनचा पाऊण तास? डोकंभर रंग लावायला वीस मिनिटं लागतात. पहिल्या भांगावर रंग बसला तेव्हापासून मोजलंत, तर शेवटच्या भागाला पंचवीसच मिनिटं मिळाली. लावून झाल्यावर मोजलंत, तर पहिल्या भागाला पासष्ट. कंपनीच्या कागदावर जी ३५ मिनिटं असतात, ती बहुतेक वेळा पूर्ण लावून झाल्यापासूनची असतात. कागद वाचून खात्री करून घ्या. कार्डावर तीन वेळा लिहा, लावायला सुरुवात, लावून झालं, धुतलं. आणि कुठून सुरुवात केली तेही लिहा. पांढरे केस हट्टी असतात ते समोर आणि कानशिलांवर, म्हणून काकूंच्या बाबतीत सुरुवात तिथूनच हवी, म्हणजे त्यांना सगळ्यात जास्त वेळ मिळतो. एकीने समोरून सुरू केलं आणि पुढच्या वेळी दुसरीने सवयीने मानेकडून, तर तेच मिश्रण आणि तेवढीच मिनिटं असूनही कानशिलांवर पांढरे डोकावतील. एसीचा थेट झोत खुर्चीवर येत असेल, किंवा डिसेंबर-जानेवारीतली गार सकाळ असेल, तर तेही एका शब्दात लिहा. गारठ्यात रंग सावकाश चालतो.

काकूंचं कार्ड मी कसं लिहीन ते दाखवते. आकडे मी कल्पून घेतले आहेत, तुम्ही तुमचे घाला. ५.३ ही गोल्डन शेड आणि शेडला डेव्हलपरचं प्रमाण एकास दीड धरलं आहे. तुमच्या रेंजमध्ये वेगळं असेल तर ते घ्या.

> आधीचे केस: लेव्हल ३. पांढरे: समोर ७०, कानशिलं ७०, माथा ४०, मान १० टक्के. नवीन वाढ दीड सेंमी. मधला भाग ५, सोनेरी उतरलेला. टोकं ३, गडद. मेंदी नाही.
> मुळं: ५.० – १५ ग्रॅ., ५.३ – १५ ग्रॅ., २० व्हॉ. – ४५ ग्रॅ.
> मधला भाग: उरलेलं मिश्रण थोडं पाणी लावून कंगव्याने ओढलं, शेवटची ५ मि.
> टोकं: काही नाही.
> वेळ: सुरुवात ११.१०, कानशिलांपासून. लावून झालं ११.२५. धुतलं १२.००.
> निकाल, कोरडे, खिडकीजवळ: मुळं ५, ऊबदार तपकिरी. डावं कानशील किंचित आरपार. टोकं अजून गडद. काकू खूश.
> पुढच्या वेळी बदल: डाव्या कानशिलाला आधी आणि जाडसर थर.
> उतरलेला रंग (पुढच्या भेटीत भरायचं):

यातल्या निकालाची आणि उतरलेल्या रंगाची अशा दोन ओळी बहुतेक कार्डांवर नसतात. माझ्या मते कार्डाचा अर्धा उपयोग त्यांच्यातच आहे. 'निकाल: छान' असं लिहून हाती काही लागत नाही. छान कुठे, आणि कुठे थोडं कमी पडलं, हे लिहायचं, आणि तेही केस पूर्ण वाळल्यावर. ओला केस नेहमी गडद दिसतो, म्हणून बेसिनजवळच निकाल ठरवला की पुढच्या वेळी आपण उगाचच फिकट शेडकडे जातो. पिवळ्या बल्बखाली सोनेरी जास्त वाटतं, म्हणून खिडकी. खिडकी नसेल तर दारात उभं करा, काकू काही मनाला लावून घेणार नाहीत.

दुसरी ओळ पुढच्या भेटीची. धुवायच्या, रंग लावायच्या आधी आरशासमोर दोन मिनिटं बघा आणि मागचा रंग किती टिकला ते जुन्याच नोंदीखाली लिहा. आठवड्यातून कितीदा केस धुतात, पाणी बोअरचं आहे का, हेही तेव्हाच विचारा. सहा आठवड्यांनी मधला भाग पितळी दिसत असेल, तर त्या दिवशी रंग कितीही सुंदर आला असला तरी फॉर्म्युल्यात थोडी दुरुस्ती हवी आहे. ही माहिती फक्त तेव्हाच मिळते. एकदा नवा रंग वर चढला की ती गेली.

फोटो जरूर काढा, काकूंना विचारून, एकाच जागी आणि एकाच उजेडात. पण फोनचा कॅमेरा स्वतःच्या मर्जीने रंग बदलतो, त्यामुळे फोटोच्या भरवशावर शेड निवडू नका. फोटोत कार्ड धरलेलं असलं की तारीख आपोआप सापडते, आणि कार्डाचा पांढरा भाग पिवळट दिसला तर उजेडाने घोळ घातला हेही कळतं.

मेंदीची नोंद मी एका शब्दात आटोपली, पण विचारताना घाई करू नका. 'मेंदी लावता का?' या प्रश्नाला 'नाही' हे उत्तर खरं असूनही अपुरं असतं. केस वर्षाला साधारण पंधरा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे खांद्याखाली आलेल्या टोकांचं वय दोन-तीन वर्षांचं आहे. तेव्हा लावलेली मेंदी आजही तिथेच आहे. म्हणून विचारा, 'गेल्या तीन वर्षांत कधी काही लावलं होतं? काळी मेंदी? पाकिटाचं नाव आठवतंय?' काही तयार पाकिटांत धातूंचे क्षार असतात आणि पेरॉक्साइडशी त्यांची गाठ पडली की केस तापतात, तुटतात. शंका असेल तर मागून बारीकशी बट कापून त्यावर वापरणार तेच मिश्रण लावून अर्धा तास ठेवा. बट तापली, फेस आला किंवा भलताच रंग दिसला, तर त्या दिवशी कलर नाही, आणि कार्डावर तारखेसह तसं लिहा.

पॅच टेस्टलाही कार्डावर स्वतःची ओळ द्या. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला, कंपनीने सांगितल्याप्रमाणे, साधारण अठ्ठेचाळीस तास आधी, तारीख आणि काय दिसलं ते. इतक्या वेळा रंग लावला म्हणून काकूंना ऍलर्जी येणार नाही असं नसतं. ती मध्येच कधीही सुरू होऊ शकते. खाज, पुरळ, डोळ्यांभोवती सूज, यातलं काहीही झालं असेल तर कार्डाच्या माथ्यावर लाल पेनने लिहा, म्हणजे ते न वाचता कुणाला पुढे जाता येणार नाही.

लिहायचं कधी, तर चार वेळा आणि थोडं थोडं. 'आधीचे केस' गाऊन घालून झाल्यावर, शेडकार्ड हातात असतानाच. ग्रॅम काट्यावर आकडा दिसतो त्या क्षणी, ढवळायच्या आधी. ढवळल्यावर कुणालाच आठवत नाही. वेळा रंग चालू असताना. निकाल ब्लो-ड्राय झाल्यावर, काकू पर्स शोधत असतात तेवढ्यात. गर्दीच्या दिवशी काही राहिलंच, तर ग्रॅम आणि व्हॉल्युम राहू देऊ नका. बाकीचं संध्याकाळी भरता येतं, हे दोन नाही.

कार्डं जाड पुठ्ठ्याची, पोस्टकार्डाच्या दुप्पट घ्या, एका क्लायंटचं एक. डायरीत नोंदी तारखेनुसार पडतात आणि काकूंच्या सहा भेटी सहा ठिकाणी विखुरतात, म्हणून डायरी सोडा. साताऱ्यात सुनीता किती असतील, तेव्हा नावापुढे फोनचे शेवटचे चार आकडे लिहा. लिहिणारीची आद्याक्षरंही प्रत्येक नोंदीपुढे हवीत, कारण तुम्ही तिघी आहात आणि तिघींचा हात वेगळा. डबा काउंटरवर ठेवू नका. कुणाचे किती पांढरे आहेत हे शेजारच्या खुर्चीवरच्या बाईला कळायला नको.

राहिला काकूंचा दिवाळीचा रंग. ती नोंद आता परत मिळणार नाही, पण त्या दिवशीचा एखादा फोटो काकूंच्या फोनमध्ये असेल. तो बघून सोनेरी किती होता याचा अंदाज घ्या आणि त्यांना स्पष्ट सांगा की मुळं त्याच दिशेने नेता येतील, पण टोकं एका भेटीत होणार नाहीत. लागलेला कृत्रिम रंग वरून फिकट रंग लावून उजळत नाही. तो काढायला वेगळी प्रक्रिया लागते, आणि या वयात, एवढ्या वेळा रंगलेल्या टोकांवर मी ती करणार नाही. दर वेळी दोन-तीन सेंटिमीटर टोकं कापा आणि त्यांना रंग लावणं थांबवा.

मुळांसाठी वर दिलेल्या निम्म्या-निम्म्या मिश्रणापासून सुरू करा, डेव्हलपर २० आणि वेळ ३५ मिनिटं. पुढच्या भेटीत जे दिसेल त्यावरून एकच गोष्ट बदला. भांगाजवळ सोनेरी जास्त वाटलं तर ५.३ दहा ग्रॅम करा आणि ५.० वीस, डेव्हलपर आणि वेळ तेच. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कार्ड सांगू शकणार नाही. तीन भेटींत फॉर्म्युला बसायला हवा. तोवर काकू 'तसाच करा' म्हणतील तेव्हा कार्ड त्यांच्या समोरच काढा आणि डावं कानशील दाखवून विचारा, 'मागच्या वेळी इथे जरा कमी बसला होता ना?' त्या लगेच बाकीच्या दोन जागाही सांगतील. त्याही लिहून घ्या.